मदत हवी आहे: बेदाणा कोल्ड स्टोरेजचा एनपीव्ही प्लस येतोय, पण आत्ता बांधावं की एक सीझन थांबावं?

द्राक्षवेल:
नमस्कार मंडळी. आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची बाग आणि बेदाण्याचं शेड आहे. आता २५०० टनाचं कोल्ड स्टोरेज टाकायचं चाललंय, जागा घरची, बाकी खर्च ४ कोटी. भाडं टनाला महिन्याला ६०० धरलंय, वर्षाची सरासरी ७५ टक्के भरेल असं व्यापाऱ्यांशी बोलून काढलंय, म्हणजे वर्षाला १३५ लाख येतील. लाईट बिल, पगार, मेंटेनन्स, विमा सगळं मिळून ५० लाख जातील, त्यात लाईटच २४. हातात राहतात ८५ लाख. टॅक्स सध्या बाजूला ठेवलाय. १० वर्षं धरली, पैशावर वर्षाला १४ टक्के सुटले पाहिजेत असं धरलं आणि एक्सेलमध्ये असं टाकलं:

```
=PV(14%,10,-85)-400
```

म्हणजे दहा वर्षांच्या कमाईची आजची किंमत वजा आजचा खर्च, हा एनपीव्ही ४३ लाख प्लस येतो. सीए म्हणतात ब्रेक-इव्हन ५० टक्क्यालाच आहे, बिनधास्त करा. पण इथून १० किलोमीटरवर दुसऱ्या एका ग्रुपचं मोठं कोल्ड स्टोरेज येत्या मार्चला चालू होतंय. तो माल त्यांच्याकडे वळला तर आमचं ६० टक्क्यावरच अडकेल, आणि त्यांचंही फुल्ल होऊन माल उरला तर आम्ही ९० पर्यंत जाऊ, दोन्ही तेवढंच शक्य वाटतंय. वडील म्हणतात एक सीझन बघू, भाऊ म्हणतो सिमेंट-सळई महाग होईल. हे हिशेबात कसं बसवायचं कुणी सांगेल का?

निवांत_सातारी:
दादा थांबूच नका, मागच्या साली आमच्या पाहुण्यांनी दर वाढेल म्हणून माल दिवाळीपर्यंत ठेवला आणि स्टोरेजचं भाडं, व्याज धरून काहीच उरलं नाही. बेदाणा हातात आला की विकून मोकळं व्हावं.

द्राक्षवेल:
@निवांत_सातारी भाऊ, माल ठेवायचा नाहीये, स्टोरेज बांधायचं आहे 🙂

सुमित_फायनान्स:
सोपं आहे, रिस्क जास्त आहे तर डिस्काउंट रेट १४ च्या ऐवजी १८ टाका. ८५ लाखाला वजा १८ लाख येतंय, म्हणजे प्रोजेक्ट रिजेक्ट. बाकी सेन्सिटिव्हिटीसाठी सगळे आकडे १० टक्के वरखाली करून टेबल बनवा, कुठला आकडा जास्त हलवतो ते दिसेल.

हिशेबी_माणूस:
सुमित, टेबलाचं बरोबर आहे पण दोन गोष्टी पटत नाहीत. रेट वाढवला की चांगली शक्यता आणि वाईट शक्यता दोन्ही सारख्याच कापल्या जातात, आणि इथला सगळा प्रश्नच दोन्हींमधल्या अंतराचा आहे. शेजारचं स्टोरेज भरलं की नाही ही बातमी सहा-आठ महिन्यांत कळणार आहे, ती रेटमध्ये कोंबून कशी चालेल. आणि दुसरं म्हणजे सगळे आकडे सारखेच १० टक्के हलवू नयेत, ज्याचा जेवढा खरा पल्ला आहे तेवढाच हलवायचा. लाईट दर २० टक्के वाढला तरी एनपीव्ही १८ लाख प्लसच राहतो. भाडं १० टक्के पडलं तर २७ लाख मायनस होतो. आणि भराई ६० ला आली तर सरळ ९७ लाख मायनस, कारण भराईचा एकेक टक्का इथे ९ लाखाचा आहे. तेव्हा लाईट बिलावर डोकं लावण्यात अर्थ नाही, सगळा जीव भराईत अडकलाय.

आता सीएंचं ५० टक्के. त्यांनी ४ कोटीला १० ने भागून ४० लाख घसारा धरला, त्यात ५० लाख खर्च, झाले ९०, आणि भराईच्या एका टक्क्याला भाडं १.८ लाख, म्हणून ५०. त्या ठिकाणी नफा-तोटा पत्रकात तोटा दिसत नाही एवढंच. पण घातलेल्या ४ कोटीला १४ टक्के सुटायचे असतील तर वर्षाला ४० नाही, ७६.७ लाख मागे पडले पाहिजेत:

```
=PMT(14%,10,-400)
```

यात ५० मिळवा आणि १.८ ने भागा, ७०.४ टक्के येतं. तुमचा अंदाज ७५, म्हणजे मध्ये फक्त साडेचार टक्क्यांची फट आहे. ५० आणि ७० च्या मध्ये जो कुणी चालवतो तो नफा दाखवतो, टॅक्सही भरतो आणि तरी त्याचं भांडवल झिजत असतं. आणि जागा घरची म्हणून शून्य धरू नका, भाड्याने दिली असती तर काय आलं असतं ते धरलं की ही फट अजून कमी होईल.

द्राक्षवेल:
सर हे ७० चं सीएंना दाखवतो. आणि थांबण्याचं?

हिशेबी_माणूस:
तुमच्याच आकड्यांनी करू. ९० टक्के भरलं तर एनपीव्ही १८४ लाख प्लस, ६० भरलं तर ९७ मायनस. अर्धी-अर्धी शक्यता धरली की सरासरी ४३, तेच तुमचं पहिलं उत्तर. आता एक वर्ष थांबलात असं धरा. वाईट दिसलं तर बांधतच नाही, तिथे ९७ चा तोटा न होता शून्य. चांगलं दिसलं तर पुढच्या वर्षी बांधता, १८४ एक वर्ष उशिरा म्हणून आजचे १६२, त्याचे निम्मे ८१. म्हणजे आत्ता बांधलं तर ४३ आणि थांबलं तर ८१. मधले ३८ लाख ही बघून ठरवता येण्याची किंमत. भावाचं सिमेंट-सळईचं म्हणणंही तपासता येतं, बांधकाम साधारण ८५ लाखांनी महागलं तरच दोन्ही पारडी सारखी होतात. आणि चांगल्या शक्यतेची तुम्हाला ८० टक्क्याहून जास्त खात्री असेल तर थांबू नका, त्याच्या खाली असेल तर थांबा.

पण हे सगळं दोन अटींवर. थांबल्याने खरंच काही कळलं पाहिजे. त्यांचं स्टोरेज मार्चला उघडून मे-जूनपर्यंत किती भरतं ते तुम्हाला नीट कळेल का? की ते सांगणारच नाहीत? आणि तुम्ही थांबलात म्हणून तिसराच कुणी येऊन बसणार नाही ना? तसं झालं तर तुमचे १८४ च राहत नाहीत.

कोल्डरूमवाला:
मी अशाच प्लांटचं ऑपरेशन बघतो म्हणून बोलतो. ९० टक्के वर्षाची सरासरी विसरा. फेब्रुवारीपासून माल यायला लागतो, एप्रिल-मे मध्ये दरवाजा लागत नाही एवढं भरतं, नंतर माल उचलत जातात आणि दिवाळीनंतर खोल्या मोकळ्या व्हायला लागतात. मे मध्ये १०० च्या वर तर जाता येत नाही ना, मग चांगल्या सालीही सरासरी ८० झाली तरी खूप झालं. खाली मात्र कितीही जाऊ शकतं. शेडवर माल असताना अवकाळी झाला की बेदाणा काळा पडतो. आणि उलटंही होतं, ताज्या द्राक्षाला दर नसला की माल बेदाण्याकडे वळतो आणि स्टोरेजला जागा पुरत नाही. म्हणून वाईट साल म्हणजे सगळेच आकडे वाईट असं धरू नका, द्राक्षवाल्याचं वाईट साल कधी कधी स्टोरेजवाल्याचं चांगलं असतं.

अजून एक, ५० लाख खर्च सगळा फिक्स नाही. चार चेंबर वेगवेगळे चालतील असं डिझाईन करून घ्या. दिवाळीनंतर उरलेला माल दोन चेंबरमध्ये आणून दोन बंद करता येतात, लाईट चांगली वाचते.

हिशेबी_माणूस:
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. ८० वर एनपीव्ही ९० लाखच येतो. मग अर्धी-अर्धी धरून आत्ता बांधलं तर साडेतीन लाख मायनस, आणि थांबलं तर ४० प्लस. म्हणजे ७५ ही सरासरी नव्हतीच, सरासरी ७० आहे. वरची बाजू छताला टेकलेली असताना मधला आकडा घेऊन एनपीव्ही काढला की तो नेहमी गोड येतो.

मनीषा_मिरज:
समजा थांबलो नाही, बांधलं आणि फसलं, तर विकून बाहेर पडता येतंच की. ते कुणी धरत का नाही? आमच्या नात्यात दोन वर्षांनी विकलंय एकांनी.

हिशेबी_माणूस:
ताई, धरायला पाहिजे, पण त्याची किंमत आपण समजतो तेवढी नेहमी नसते. पहिलं वर्ष ६० वर गेलं आणि पुढेही तसंच दिसतंय असं धरा. उरलेली ९ वर्षं ५८ लाखांनी, त्यांची तेव्हाची किंमत २८७ लाख. कुणी २ कोटी देत असेल तर विकू नका, चालवत राहा. ४ कोटी गेले ते गेले, आता तुलना २ कोटी आणि २८७ लाखांची आहे. म्हणजे प्रोजेक्ट तोट्यात आणि तरी चालवणंच बरं, अशा वेळी बाहेर पडायच्या सोयीची किंमत शून्य. पण कुणी ३२० देणारा असेल तर ३३ लाख जास्त मिळतात, आजच्या हिशेबाने आणि अर्ध्या शक्यतेने साडेचौदा लाख. विकताना २ कोटी मिळणार की ३२० लाख, हे ठरतं ते जागेवर आणि बांधणीवर. मोठ्या रस्त्याला असेल, दुसरा कुणी भाजीपाला किंवा औषधांसाठी घेऊ शकत असेल, तर गिऱ्हाईक मिळतं. बागेच्या आत कच्च्या रस्त्याला असेल तर फक्त मशिनरी आणि पॅनेलचा मोडीचा भाव. म्हणून बांधायच्या आधी दोन-तीन लोकांना विचारा की वर्षभर वापरलेलं हे घ्याल का आणि कितीला.

बँकेतला_बाबू:
सगळे एनपीव्हीत अडकलेत, कर्जाचं कुणी बोललंच नाही. अडीच कोटी कर्ज, ११ टक्के, ७ वर्षं धरलं तर वर्षाचा हप्ता साधारण ५३ लाख. ६० टक्के भराईला हातात ५८ राहतात, म्हणजे जेमतेम. वर भाडं १० टक्के पडलं तर ४७, हप्ता थकला. मग विकायचं की चालवायचं हे तुम्ही ठरवत नाही, बँक ठरवते आणि लिलावात ३२० कुणी देत नाही. सबसिडी येईल त्यावर विसंबू नका, ती कर्ज घेऊन काम झाल्यावर खात्यात जमा होते, पहिल्या वर्षाच्या हप्त्याला उपयोग नाही.

सुमित_फायनान्स:
@हिशेबी_माणूस रेटचं पटलं, पण मग थांबण्याच्या गणितात तुम्ही तरी १४ कसे वापरले? वाईट निघालं तर बांधायचंच नाही म्हटल्यावर जोखीम बदलली ना, ८१ असो नाहीतर ४०, त्याला तोच रेट बरोबर कसा?

हिशेबी_माणूस:
शंका रास्त आहे. खरं बघता त्याला वेगळा रेट लागतो आणि तो काढायला बाजारात अशाच धंद्याचा भाव दिसला पाहिजे, तालुक्यातल्या कोल्ड स्टोरेजला तो कुठून आणणार. मी दिशा बघायला १४ ठेवलाय. १८ टाकून बघा, ८० टक्क्याला २२ लाखच उरतात. थांबणं मग ९-१० लाखाचं, पण आत्ता बांधणं ५८ मायनस. तरी अर्धी-अर्धी शक्यता हा अंदाजच आहे आणि सगळं त्यावर उभं आहे.

द्राक्षवेल:
सगळ्यांचे आभार. सध्या असं ठरवलंय की जागेच्या परवानग्या आणि ट्रान्सफॉर्मरची मंजुरी आत्ताच सुरू करायची, त्याला थोडकेच पैसे लागतात, म्हणजे चांगलं दिसलं तर पुढच्या हंगामाआधी बांधकाम उरकेल. मे मध्ये तिकडच्या हमालांकडून भराईचा अंदाज घेतो आणि व्यापाऱ्यांकडे आगाऊ बुकिंग मागतो, नुसतं तोंडी नको, थोडी रक्कम घेऊन. @कोल्डरूमवाला भाऊ, आधी दोन चेंबर आणि नंतर दोन असं बांधलं तर अमोनियाची मशीनरी सुरुवातीलाच चारच्या हिशेबाने घ्यावी लागते का? तसं असेल तर पहिल्या टप्प्यात खर्च निम्मा होत नाही आणि सगळं परत मांडावं लागेल.

कोल्डरूमवाला:
एक कॉम्प्रेसर नंतर जोडता येतो, पण मशीनरूम, पाईपची मेन लाईन आणि ट्रान्सफॉर्मर आधीच मोठा घ्यावा लागतो. नक्की किती ते लेआउट बघितल्याशिवाय नाही सांगता येणार, टाका इथे.