मदत हवी आहे: ले-ऑफ, सेव्हरन्स, बेकारी भत्ता आणि ४०१के (न्यू यॉर्क/न्यू जर्सी)

निळीशाई

३ मार्चला सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग झाली आणि आमच्या टीममधल्या बऱ्याच जणांसोबत माझंही नाव यादीत असल्याचं कळलं. कामाचा शेवटचा दिवस १३ मार्च. माझं वय ४७, ग्रीन कार्ड आहे. या कंपनीत चार वर्षं झाली. राहते न्यू जर्सीत एडिसनला, ऑफिस न्यू यॉर्कला मॅनहॅटनमध्ये, आठवड्यातून तीन दिवस जाते आणि दोन दिवस घरून काम.

पगार आठवड्याला साधारण २,६०० डॉलर पडतो, दर दुसऱ्या शुक्रवारी जमा होतो. नोकरी जाताना मिळणारा सेव्हरन्स १२ आठवड्यांचा, म्हणजे ३१,२०० डॉलर, एकरकमी. ते करारावर सही होऊन ती पक्की झाल्यानंतर येणार्‍या पगाराच्या तारखेला मिळतील. शिवाय १२ दिवसांची शिल्लक रजा आहे, तिचे पैसे शेवटच्या पगारासोबत.

मी मनात धरून चालले होते की सेव्हरन्समधूनही माझे ८ टक्के ४०१केला, म्हणजे निवृत्तीच्या खात्याला जातील, त्यावर कंपनीच्या भरीचं मॅचिंग मिळेल, आणि १२ आठवडे संपले की अनएम्प्लॉयमेंट, म्हणजे बेकारी भत्ता सुरू होईल. नवरा म्हणतो लगेच सही कर, पैसे हातात येऊ देत. एचआरला विचारलं तर "प्लॅन डॉक्युमेंट पाहा". त्या डॉक्युमेंटची ८४ पानं आहेत. कोणी यातून गेलंय का?

तिसराडबा

वाईट वाटलं वाचून. पण सेव्हरन्सची अजिबात काळजी करू नका. २०२४ मध्ये माझी नोकरी गेली तेव्हा १६ आठवड्यांचा सेव्हरन्स एकरकमी हातात होता, तरी पहिल्या आठवड्यापासून पूर्ण अनएम्प्लॉयमेंट मिळालं. सेव्हरन्स म्हणजे झालेल्या सेवेचा मोबदला, त्याचा भत्त्याशी संबंध नसतो. लगेच अर्ज करा.

मेघना_प

माझा अनुभव अगदी उलटा, मला तीन महिने काहीच मिळालं नाही. कॉल सेंटरवरच्या बाईंनी सरळ सांगितलं, सेव्हरन्स संपेपर्यंत विसरा.

दूरदेशी

तुम्ही दोघंही खरं सांगताय, राज्यं वेगळी आहेत. तिसराडबा, तुमचं काम न्यू जर्सीत होतं ना? तिथे खरा सेव्हरन्स भत्त्याच्या आड येत नाही. मेघनाताई बहुधा न्यू यॉर्कच्या. (मी अकरा वर्षं पेरोल आणि बेनिफिट्समध्ये काढली आहेत, वकील नाही.)

निळीशाई, म्हणून आधी तुमचं राज्य ठरवा. भत्ता राहत्या घराच्या राज्याकडून येत नाही, ज्या राज्यात तुमचं काम नोंदलेलं आहे तिथून येतो. तीन दिवस तिकडे, दोन दिवस घरी, यात कंपनीने कोणतं राज्य धरलं ते पगाराच्या स्लिपवर दिसेल. न्यू जर्सी असेल तर तिथल्या अनएम्प्लॉयमेंटसाठी तुमच्याकडून कपात होत असेल, कारण तिथे कर्मचारीही त्यात भर घालतो. न्यू यॉर्कमध्ये त्यासाठी कर्मचाऱ्याकडून काही घेत नाहीत, पण पेड फॅमिली लीव्हची छोटी कपात दिसेल. इन्कम टॅक्सची ओळ पाहून ठरवू नका, ती दोन्हीकडच्यांच्या स्लिपवर असू शकते.

निळीशाई

स्लिप काढली. न्यू यॉर्क पेड फॅमिली लीव्ह आणि न्यू यॉर्क डिसॅबिलिटी. न्यू जर्सीचं काही नाही. म्हणजे मेघना_प यांच्यासारखी माझी गत?

दूरदेशी

तशी होईलच असं नाही, आणि इथेच तुमच्या सहीची तारीख महत्त्वाची ठरते.

न्यू यॉर्कचा नियम असा. सेव्हरन्सची आठवड्याची रक्कम भत्त्याच्या कमाल दरापेक्षा जास्त असेल तर त्या आठवड्यांचा भत्ता मिळत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून कमाल दर ८६९ डॉलर आहे, तुमचा पगार २,६००. एकरकमी दिले तरी ते ३१,२०० ला तुमच्या आठवड्याच्या पगाराने भागतात आणि १२ आठवडे बंद धरतात. पण सेव्हरन्सचा पहिला हप्ता शेवटच्या कामाच्या दिवसानंतर ३० दिवस उलटल्यावर हातात आला, तर ही अट लागत नाही.

तुमचा शेवटचा दिवस १३ मार्च, त्यापुढे ३० दिवस १२ एप्रिलला भरतात. आता तुमचं वय पाहा. ४० किंवा त्यापुढच्या वयाच्या माणसाला गटाने काढताना वयाच्या भेदभावाचे हक्क सोडून देणारी सही हवी असेल, तर केंद्रीय कायद्याने कंपनीला विचार करायला ४५ दिवस द्यावे लागतात आणि सहीनंतर ७ दिवसांत ती मागे घेण्याची मुभा द्यावी लागते. करार ३ मार्चलाच हातात पडला असेल तर तुमची मुदत १७ एप्रिलपर्यंत आहे.

पगाराचे शुक्रवार २० मार्च, ३ एप्रिल, १७ एप्रिल, असेच ना? शेवटच्या दिवशीच सही केलीत तर ७ दिवस २० मार्चला संपतात आणि पैसे ३ एप्रिलला पडतात. मग १२ आठवडे बंद. ८ एप्रिलला सही केलीत तर मागे घेण्याची मुदत १५ ला संपते आणि पैसे १७ एप्रिलला येतात, म्हणजे ३५ व्या दिवशी. रक्कम तीच, करार तोच. कराराची शेवटची तारीख मात्र हुकवू नका, तिच्यापुढे ३१,२०० च जातील. आणि पैसे कोणत्या तारखेला सोडणार ते एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या. पेरोलवाल्याने मधेच वेगळा चेक काढला तर सगळा हिशोब फसतो.

अर्ज मात्र नोकरी गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात करा. सेव्हरन्सबद्दल विचारतील, जे आहे ते खरं सांगा. कंपनीलाही वेगळं विचारतात, दोन उत्तरं जुळली नाहीत की प्रकरण अडकतं.

मेघना_प

अरे देवा. मी तर दुसऱ्याच दिवशी सही केली होती.

तिसराडबा

बरोबर, माझं ऑफिस न्यूअर्कला होतं. चूक मान्य. पण मग निळीशाई यांना १२ आठवड्यांचे १०,४२८ डॉलर जास्त मिळतील की!

दूरदेशी

हिशोब बरोबर आहे, पण "जास्त" म्हणताना जरा थांबा. न्यू यॉर्कमध्ये भत्ता २६ आठवड्यांचा असतो आणि तो वर्षभरात वापरायचा असतो. १२ आठवडे बंद राहिले तरी २६ शिल्लकच राहतात, फक्त पुढे ढकलले जातात. १२ अधिक २६ म्हणजे ३८, वर्षात बसतात. चार महिन्यांत नोकरी लागली तर ते १०,४२८ खरोखर जास्तीचे. वर्षभर लागलीच नाही, तर दोन्ही रस्त्यांनी तेवढेच २६ आठवडे मिळतील. ज्यांचा सेव्हरन्स ३५-४० आठवड्यांचा असतो, त्यांचं मात्र वर्ष आधीच सरतं आणि तिथे खरं नुकसान होतं. शिवाय भत्त्यावर केंद्राचा इन्कम टॅक्स लागतो, अर्ज करतानाच १० टक्के कापायला सांगा.

भाऊसाहेब७१

माझा भाचा एच-१बी व्हिसावर होता. त्याला भत्ता नाहीच मिळाला. तुम्हीही देशात राहायला मिळणारे ६० दिवस मोजत बसा, सेव्हरन्सचे आठवडे त्यात धरू नका.

निळीशाई

भाऊसाहेब, माझं ग्रीन कार्ड आहे, वर लिहिलंय. पण इतर कुणाला उपयोग होईल.

दूरदेशी

हो, एच-१बी वाल्यांनी लक्षात ठेवावं. ६० दिवस नोकरी संपल्यापासून मोजतात, एकरकमी सेव्हरन्सने ते लांबत नाहीत.

चहाटळ

४०१केचं कोणीच बोललं नाही. सोपं आहे, एकरकमी घेऊ नका, दर दोन आठवड्यांनी पेरोलमधून द्या म्हणावं. मग ८ टक्के आपोआप कापले जातात आणि मॅचिंगही मिळतं. माझ्या मित्राचं असंच झालं.

दूरदेशी

मित्राला बहुधा काम न करता नोटीस पीरियड दिला असेल. तेव्हा माणूस कागदावर कर्मचारीच असतो, म्हणून ४०१के चालू राहतं. पण कर्मचारी आहात म्हणजे बेकार नाही, म्हणून भत्ता नाही. नोकरी संपल्यावर मिळणारा सेव्हरन्स मात्र हप्त्याने द्या की एकरकमी, ४०१केच्या नियमांत तो पगार धरलाच जात नाही. त्यातून कपात नाही, मॅचिंगही नाही. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापलं जातं म्हणून लोकांना तो पगारासारखा वाटतो.

निळीशाई, तुमच्याकडे संधी आहे ती २० मार्चच्या चेकवर. त्यात १३ तारखेपर्यंतचा पगार ५,२०० आणि रजेचे ६,२४० येतील. पगारातून नक्की कापता येतं. रजेतून तुमचा प्लॅन मान्य करत असेल तरच. ८४ पानांत "कॉम्पेन्सेशन"ची व्याख्या शोधा, सहसा सुरुवातीच्या भागात असते. दोन्ही चालत असतील आणि तुम्ही टक्का ८ वरून ६० वर नेलात, तर एका चेकमधून ६,८६४ डॉलर जातील. २०२६ ची मर्यादा २४,५०० आहे, ती गाठायची भीती नाही. टक्का आजच बदला, कारण पेरोल आधीच बंद होतो. काही कंपन्यांत बदल पुढच्या चेकपासून लागतो, आणि तुम्हाला पुढचा चेक नाही.

पण मी तुमच्या जागी असतो तर इतकं केलं नसतं. सही एप्रिलपर्यंत थांबवायची असेल तर २० मार्च ते १७ एप्रिल घर चालवायला हाच चेक आहे. मॅचिंग पूर्ण मिळेल इतकाच टक्का ठेवा. सेव्हरन्स आल्यावर हवं तर आयआरए या स्वतः उघडायच्या निवृत्ती खात्यामध्ये टाका. तिथे सेव्हरन्स कमाई म्हणून चालतो, बेकारी भत्ता चालत नाही. मर्यादा या वर्षी ७,५००, वजावट मिळेल की नाही ते तुमच्या दोघांच्या उत्पन्नावर.

निळीशाई

खूप आभार. अपडेट: नवरा तयार झालाय, जरा कुरकुरत. करार ३ मार्चच्याच ईमेलला जोडलेला होता. "कॉम्पेन्सेशन" पान ११ वर सापडलं, रजेचे पैसे स्पष्टपणे वगळलेत. म्हणून फक्त ५,२०० वर टक्का लागणार. तो ८ वरून १० केला, बस्स.

एक नवीनच शंका. मॅचिंगचे माझे फक्त ६० टक्केच पक्के झालेत, बाकीचे ४० टक्के परत जाणार असं पोर्टलवर दिसतंय. जवळपास ८,००० डॉलर आहेत.

दूरदेशी

किती लोकांना काढलं? वर्षभरात प्लॅनमधल्या २० टक्के किंवा जास्त लोकांना कंपनीने काढलं असेल, तर आयआरएस सहसा त्याला प्लॅनची अंशतः समाप्ती मानते, आणि काढलेल्या सगळ्यांचं मॅचिंग १०० टक्के पक्कं होतं. पोर्टलला हे आपोआप कळत नाही. टक्का नक्की कळेपर्यंत खात्यातले पैसे हलवू नका.

निळीशाई

आमच्या ऑफिसातले तिघांत एक गेले. पण कंपनीची इतर शहरांतही ऑफिसं आहेत आणि प्लॅन एकच. एकूण टक्का एचआरला लेखी विचारलाय.

चहाटळ

सांगणार नाहीत ते. लिंक्डइनवर मोजायला बसा.

निळीशाई

कालपासून मोजतेय. १४१ झाले.