'काही लागलं तर हक्काने सांगा' यात चुकलं काय?

पानफूल:
आमच्या अकाउंट्सच्या मॅडमचं गुरुवारी गुडघा बदलायचं ऑपरेशन झालं. ऑफिसच्या ग्रुपवर मी लिहिलं, 'लवकर बऱ्या व्हा, काही लागलं तर हक्काने सांगा.' त्यावर एक जण म्हणाला, असले पोकळ मेसेज टाकण्यापेक्षा गप्प बसा. मी मनापासून लिहिलं होतं हो. चुकलं काय?

रानजाई:
तुमच्या मनाबद्दल शंका नाही, पण हा विषय निघाला की मला राग येतो, कारण मी पलंगावर पडून हा मेसेज वाचलाय. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा बदलला. ग्रुपवर ४१ जणांनी 'हक्काने सांगा' लिहिलेलं, रात्री तीन वाजता मोजले मी, कारण पहिले काही आठवडे रात्रीची झोप धड लागतच नाही. आता त्या ४१ मधल्या कुणाला फोन करायचा? काम काय ते मी शोधायचं, कुणाला जमेल त्याचा अंदाज मी घ्यायचा, समोरचा 'अरे आज नेमकं' म्हणाला की ओशाळायचंही मीच. एकालाही सांगितलं नाही. चौदाव्या दिवशी टाके काढायला रिक्षाने गेले. गुडघा नीट वाकत नाही, पाय समोर ठेवायला जागा नाही, वॉकर मुलीच्या मांडीवर आडवा, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला तोंडात पदर.

हे कुठून तरी स्टोअर्समधल्या एका मुलाच्या कानावर गेलं. माझ्याशी त्याचं बोलणं म्हणजे 'गुड मॉर्निंग मॅडम' एवढंच. त्याने ग्रुपवर नाही, मला एकटीला लिहिलं: 'मॅडम, मंगळवारी माझी पहिली पाळी असते, दुपारी साडेतीननंतर मी गाडीसकट मोकळा. पुढचे तीन मंगळवार तुम्हाला फिजिओला नेऊन आणतो. नको असेल तर नुसतं नको लिहा, उद्या सांगितलं तरी चालेल.'

आला तेव्हा पुढची सीट पार मागे सरकवून पाठ कलती करून आणली होती आणि सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरलेली. म्हणाला, आधी सीटकडे पाठ करून टेका, मग वळा. पिशवीमुळे मी अलगद घसरून वळले, गुडघ्याला पीळच बसला नाही. बसल्यावर त्याने पिशवी काढून घेतली, ब्रेक मारल्यावर पुढे घसरू नये म्हणून. फिजिओच्या क्लिनिकला फोन करून विचारून आला होता. वार, वेळ, काम, किती दिवस, आणि नको म्हणायची सोय, सगळं एका मेसेजमध्ये. तुमच्या मेसेजमध्ये हे नव्हतं, एवढंच.

कोथरूडकर:
म्हणजे आता बरं वाटो म्हणायलाही क्लास लावायचा. ऑफिसातले सगळे जीवाभावाचे नसतात हो. माझ्याकडे गाडी नाही, घरी आई अंथरुणाला खिळलेली, मी कुठले तीन मंगळवार देणार? मग शुभेच्छाही द्यायच्या नाहीत का? आणि ४१ जणांनी ४१ कामं लिहिली असती तर 'नको' लिहिता लिहिता तुमची बोटं दुखली असती. माणूस आठवण काढतो त्याची काही किंमत आहे की नाही?

रानजाई:
किंमत आहे. मग 'लवकर बऱ्या व्हा' एवढंच लिहून थांबा ना! शुभेच्छा ही शुभेच्छा म्हणून पूर्ण असते. जे द्यायचंच नाही त्याचं शेपूट मागे जोडू नका. तुम्ही आईचं करता ते मोठंच आहे, तुमच्याकडून कुणी मंगळवार मागितलेला नाही.

कोथरूडकर:
'जे द्यायचंच नाही' हे तुम्ही कशावरून ठरवलं? मला कुणी सांगितलं असतं तर रजा टाकून गेलो असतो. तुम्ही विचारलं नाहीत हा तुमचा संकोच, त्याचं खापर त्या ४१ जणांवर का?

जुना खेळाडू:
एवढं काय त्यात? माझं पित्ताशय दुर्बिणीने काढलं, दुसऱ्या दिवशी घरी आणि आठव्या दिवशी ऑफिसात. पोटात गॅस भरतात त्याने दोन दिवस खांदा दुखला, बाकी काही नाही. पेशंटला आजारी आजारी करून ठेवू नका, लवकर कामावर बोलवा, मन रमतं.

फिजिओताई:
खेळाडूदादा, पित्ताशयाला ते बरोबर आहे, पण गुडघ्याचं गणित वेगळं. वॉकर सुटून काठी यायला दोन-तीन आठवडे तरी जातात, खुर्चीतल्या कामावरही बरेच जण सहा आठवड्यांनंतरच येतात, त्यातही रोजचा प्रवास किती यावर आहे. पेशंट आठव्या दिवशी फोनवर हसून बोलतो म्हणून 'मॅडम, ती महिनाअखेरची शीट तेवढी' असं सुरू करू नका.

आणि भेटायला जाणाऱ्यांना एक विनंती. गेल्याच आठवड्यात एका घरी व्यायाम घ्यायला गेले तर ऑफिसची चार माणसं आलेली, त्यातल्या एका ताईंनी प्रेमाने पेशंटच्या गुडघ्याखाली उशी सरकवली होती. पेशंटला आराम वाटतो, कारण वाकलेला गुडघा कमी दुखतो. पण तसा तासन् तास ठेवला की तो वाकलेलाच आखडतो आणि पूर्ण सरळ होणं अवघड होऊन बसतं, मग माणूस लंगडतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या, गुडघा मोकळा खाली सुटू दे, दुखलं तर थोड्या वेळाने काढा. आणि पोटरी एकाच पायाची टणक होऊन दुखतेय किंवा जखमेतून पाणी येतंय असं पेशंट म्हणाला तर 'माझ्या मावशीला पण सूज होती' म्हणून विषय संपवू नका, तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावून द्या. अचानक दम लागला तर फोनवर न थांबता सरळ हॉस्पिटल.

रानजाई:
ताई, माझ्या गुडघ्याखाली पण उशी होती, पाच दिवस, सासूबाईंनी दिलेली. कुणी बोललंच नाही.

नाशिककर काका:
तुम्ही उशा आणि पिशव्यांवर बोलताय, खरी मदत लागते ती डिस्चार्जच्या दिवशी! मिसेसच्या ऑपरेशनला सकाळी नऊला डॉक्टर म्हणाले घरी जा, आणि आम्ही सुटलो रात्री साडेआठला. कॅशलेसचं अप्रूव्हल आलं नाही म्हणे. मी ६८ वर्षांचा माणूस काउंटर ते वॉर्ड आणि वॉर्ड ते काउंटर, तिकडे ती बसून बसून कंटाळलेली. २०२४ पासून नियम आहे की तीन तासांत सोडलंच पाहिजे. कुणी पाळत नाही!

काउंटरवाली:
काका, हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर सहा वर्षं काढलीत म्हणून सांगते, नियम तसा नाही. तीन तास आहेत ते विमा कंपनीला, आणि तेही हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती त्यांच्याकडे पोचल्यापासून. डॉक्टरांनी राऊंडला 'घरी जा' म्हटल्यापासून नाही. मधल्या वेळात समरी टाइप व्हायची असते, फार्मसीची परत केलेली औषधं वजा व्हायची असतात, इम्प्लांटचं स्टिकर आणि बिल लावायचं असतं. गुडघ्याच्या केसमध्ये त्या स्टिकरवरूनच किती वेळा क्वेरी येते.

नाशिककर काका:
म्हणजे चूक पेशंटचीच!

काउंटरवाली:
असं म्हटलंच नाही मी. उशीर होतो तो बहुतेकदा आमच्या बाजूलाच होतो, मान्य. म्हणूनच म्हणते, नऊ वाजता कुणी शिव्या द्यायला येण्यापेक्षा एवढंच विचारा की 'फाइल विमा कंपनीला किती वाजता गेली?' ती वेळ लिहून घ्या. गेलीच नसेल तर कशासाठी अडलीय ते विचारा आणि तिथेच उभे राहा. वेळेची नोंद असली तर पुढे भांडता येतं, कारण कंपनीने तीन तासांवर वेळ लावला आणि हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे असंही त्यात आहे.

नाशिककर काका:
हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर. वेळ मी लिहून घेतली नव्हती. तुमचं बरोबर असेल, पण साडेआठ वाजले ते वाजलेच.

कोथरूडकर:
हे मात्र मला पटलं. गाडी नसलेला माणूसही काउंटरवर उभा राहू शकतो. पॉलिसीची झेरॉक्स, आधार आणि एक वही घेऊन. मंगळवारापेक्षा हे मला जमेल, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

काउंटरवाली:
जमेल, पण पेशंटच्या घरच्यांनी सांगितलं असेल तरच. सहकाऱ्याला समरी वाचायला मिळू नये असं कित्येकांना वाटतं, विशेषतः बायकांना. एका बाईंच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचा कागद ऑफिसच्या ग्रुपवर फिरलेला मी पाहिलाय, 'मॅडमसाठी प्रार्थना करा' म्हणून. त्या माझ्या समोर रडल्या होत्या.

जुना खेळाडू:
प्रार्थनेत काय वाईट?

रानजाई:
अहो दादा, प्रार्थनेत नाही, कागद फिरवण्यात!!

पानफूल:
सगळ्यांचं वाचलं. आधी रागच आला होता, खोटं कशाला बोलू. आज मॅडमच्या मुलाला फोन केला. तो बंगळुरूहून दहा दिवसांची सुट्टी काढून आलाय, पुढच्या रविवारी रात्री परत जाणार. म्हणजे टाके निघायच्या वेळेला आणि त्यानंतर घरी फक्त त्यांचे मिस्टर, त्यांना स्वतःला डोळ्याचा त्रास, गाडी चालवत नाहीत. हे मला ठाऊकच नव्हतं, ग्रुपवरच्या आम्हा कुणालाच नव्हतं. डबे म्हणे पहिल्याच दिवशी सहा आले, फ्रीज भरलाय.

मग मॅडमना एकट्यांना लिहिलं: 'मॅडम, सोमवारपासून शुक्रवारपर्यंत संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघताना तुमच्या गल्लीवरूनच जाते. औषधं, भाजी, दूध जे हवं असेल ते पाचपर्यंत टाइप करा, दारात देऊन जाईन, आत बसणार नाही. टाके काढायच्या दिवशी माझा भाऊ गाडी घेऊन येऊ शकतो, तारीख सांगा. महिनाअखेरची शीट मी आणि जोशी करतोय, तिचा विचार करू नका. नको असेल तर नको लिहा.'

तासाभराने उत्तर आलं. 'गाडी नको, दीर येणार आहेत. पण बुधवारी इसबगोल आणशील का? यांना सांगायला लाज वाटते.'

फिजिओताई:
ऑपरेशननंतरच्या वेदनेच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतोच आणि बायका तोंडातून शब्द काढत नाहीत. बुधवारपर्यंत थांबू नका, उद्याच द्या, आणि पाणी भरपूर प्या म्हणावं. हार्ट किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा.

कोथरूडकर:
ठीक आहे, तुमचा मेसेज माझ्यापेक्षा बरा आहे, एवढं कबूल करतो. पण माझं म्हणणं कायम आहे, त्या मॅडमनी आधी कुणाकडे इसबगोल मागितला असता तर कुणी नाही म्हटलं नसतं.

रानजाई:
मागितला असता तर! त्यांनी तो नवऱ्याकडे मागितला नाही, ऑफिसच्या ग्रुपवर मागितला असता का?

पानफूल:
निघतेय मेडिकलमध्ये. साधा घेऊ की तो संत्र्याच्या चवीचा, त्यांना शुगर आहे?

फिजिओताई:
साधा. संत्र्याच्या चवीच्या बऱ्याच पाकिटांत साखर असते.