अनुभव धागा: पेपर चांगला गेला होता, गुण मात्र...

मृण्मयी_क
काल भाची निकाल बघून रडत होती आणि मला माझा गणिताचा पेपर आठवला. ८० पैकी २७. पासिंग ३२. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली. मुखपृष्ठावरच्या चौकटीत पहिल्या तीन प्रश्नांना ११, ९, ७ आणि चौथ्यासमोर काहीच नाही! चौथा मी पुरवणीत लिहिला होता. पुरवणी होती, पण तिच्यावर लाल शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. तुमचेही किस्से लिहा.

बंडूनाना
मी गुणपडताळणीचा अर्ज भरला होता. उत्तर आलं, "बदल नाही". पैसे पाण्यात. सगळी धूळफेक.

रिटायर्ड_मास्तर
बंडूनाना, धूळफेक नव्हे. पडताळणीत बेरीज बघतात, आतले गुण मुखपृष्ठावर नीट चढलेत का बघतात. दिलेला गुण कमी वाटतो म्हणून तिथे कोणी वाढवत नाही, त्याला पुनर्मूल्यांकनच लागतं.
मृण्मयीताई, पुरवणीत आत गुण असते आणि चौकटीत उतरवायचे राहिले असते, तर पडताळणीत भागलं असतं. तुमचं उत्तर तपासलंच नव्हतं. मी पेपर तपासायचो तेव्हा गठ्ठ्यातला शेवटचा पेपर आणि सुटलेली पुरवणी, दोन्हींची भीती असायची. म्हणून मुलांना सांगायचो, पुरवणी दोऱ्याने बांधा आणि मुखपृष्ठावर पुरवण्यांची संख्या लिहा.

झिपरी
दोरा!! आमच्या वर्गात एकीने वेणीची रिबीन वापरली होती 😂

सुहास७७
आरटीआय टाका, फेरतपासणी करावीच लागते त्यांना.

रिटायर्ड_मास्तर
अर्धं बरोबर. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते. पण त्या कायद्याखाली पुन्हा तपासा म्हणता येत नाही. त्यासाठी विद्यापीठाचे नियम.

अनघा_मी
माझ्या लेकाच्या मार्कशीटवर नाव चुकलंय, त्यालाही हाच फॉर्म का?

झिपरी
नाही गं, तो दुरुस्तीचा वेगळा. कॉलेजच्या ऑफिसात विचार.

बंडूनाना
मग पुढे काय झालं ते सांगा की! कुकर लावून वाचतोय.

मृण्मयी_क
सांगते. फोटोकॉपी हातात आली तेव्हा पुनर्मूल्यांकनाला दोनच दिवस उरले होते. अर्जाला पुरवणीच्या पहिल्या पानाची प्रत जोडली आणि "प्रश्न ४ तपासलेला नाही" एवढंच लिहिलं. मैत्रिणीने दोन पानांची व्यथा लिहायला सांगितली होती, बरं झालं ऐकलं नाही. निकाल येईना, म्हणून बॅकलॉगचाही फॉर्म भरून ठेवला. तोही गणिताचाच, त्यामुळे महिनाभर परत तीच गणितं. परीक्षेच्या चार दिवस आधी निकाल आला: चौथ्याला १४, एकूण ४१.

सुहास७७
आणि बॅकलॉगची फी?

मृण्मयी_क
अजून मागतेय 😀

अनघा_मी
पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होतात का हो?

रिटायर्ड_मास्तर
काही ठिकाणी होतात. अर्जामागचे नियम आधी वाचा.