गोष्ट निजायच्या वेळची, इंग्रजी सोपं कसं करायचं?

मानसी (बी-२०४): सर, दुसरीतल्या लेकीसाठी मोरजी किनाऱ्यावरच्या कासवाची गोष्ट इंग्रजीत लिहिली. ती मराठी माध्यमात आहे. दोन ओळी ऐकून म्हणाली, ‘आई, मराठीत सांग.’ पहिलं वाक्य असं:

‘द लिटल टर्टल, हू हॅड हॅच्ड दॅट नाइट, सीज द लाइट्स ऑफ द शॅक अँड हॅज टर्न्ड टुवर्ड्स द रोड बिकॉज शी थिंक्स इट इज द सी.’

प्रभाकर सर (ए-१०१): बाय, यात २७ शब्द आहेत आणि तीन काळ. ‘हॅड हॅच्ड’ आधी घडलेलं, ‘सीज’ आत्ताचं, ‘हॅज टर्न्ड’ आत्ताच झालेलं. आपण ‘एक होती चिमणी’ म्हणतो, तसा अख्ख्या गोष्टीला साधा भूतकाळ दे. आणि ‘हू’ने जोडलेला तुकडा काढ. तो संपेपर्यंत पोर टर्टलला विसरतं.

रेश्मा (सी-३०२): मी तोडून पाहिलं. ‘शी सॉ अ लाइट. शी वॉक्ड. इट वॉज नॉट द सी.’ बरोबर ना?

प्रभाकर सर: वाक्यं छोटी झाली, पण ती उजेडाकडे का गेली हेच हरवलं. लांब वाक्य तोडताना सगळ्यात आधी ‘बिकॉज’ गळतो, आणि मूल तिथेच अडतं. म्हणून कारण वेगळ्या वाक्यात ठेवायचं आणि पुढचं ‘सो’ने जोडायचं:

‘द लिटल टर्टल केम आउट ऑफ द सँड. इट वॉज नाइट. शी सॉ अ लाइट. शी थॉट, “दॅट इज द सी!” सो शी वॉक्ड टु द लाइट. बट इट वॉज नॉट द सी.’

सगळ्यात लांब वाक्य आठ शब्दांचं.

मानसी: मग ‘दॅट इज’ का? बाकी सगळा भूतकाळ आहे.

प्रभाकर सर: ते पिल्लाच्या मनातले शब्द. मराठीतही ‘तिला वाटलं, हाच समुद्र आहे’ असंच म्हणतो, ‘होता’ म्हणत नाही. काळ बदलताना अवतरणातले शब्द तसेच ठेव.

रेश्मा: पण पिल्लं खरंच दिव्याकडे जातात?

प्रभाकर सर: हो. रात्री ती जास्त उजळ दिसणाऱ्या दिशेने चालतात. काळोखात ती दिशा समुद्राची असते, किनाऱ्यावर दिवे असले की चुकतात.

मानसी: मग शेवट मिळाला! ‘अ मॅन पुट आउट द लॅम्प. नाउ द सी वॉज ब्राइट. सो शी वॉक्ड टु द सी.’

*(रात्री ९:४०)*

मानसी: सर, पूर्ण ऐकली! नंतर स्वतःच सांगू लागली, पण ‘पुट’चं ‘पुटेड’ केलं. थांबवू का?

प्रभाकर सर: नको. ‘वॉक्ड’वरून तिने नियम ओळखला आणि इथे लावला. तू फक्त ‘हो, ही पुट आउट द लॅम्प’ म्हण आणि पुढे जा. उद्या पुन्हा तीच गोष्ट वाच.