मदत हवी आहे: स्क्वॅटसाठी सपाट बूट घेऊ की उंच टाचेचे?

नमस्कार भाऊ-ताई. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, जिमसाठी तालुक्याला जातो. तीन महिन्यांत स्क्वॅट ५० किलोवर आलाय. आधी धावायचे बूट घालायचो, पण वजन घेतलं की त्यांचा मऊ सोल दबायचा आणि पाय आत कलंडायचा. अनवाणी केलं तर पाय घट्ट रोवला जातो, मात्र मांडी समांतर यायच्या आधीच टाचा उचलतात अन् छाती पुढे झुकते.

जिममधल्या एका भाऊंनी दोन्ही टाचांखाली लहान प्लेटा ठेवायला सांगितल्या. लगेच फरक! गुडघे पुढे गेले, पाठ उभी राहिली, पूर्ण खाली बसता आलं. मग घोटा तपासला: टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठ्याचं भिंतीपासूनचं अंतर मोजायचं. उजवा पाय १० सेंमी, डावा जेमतेम ५. डावा घोटा दोन वर्षांपूर्वी वावरातल्या धुऱ्यावरून उतरताना मुरगळला होता.

उंच टाचेच्या बुटांत टाच साधारण २ सेंमी वर असते, सोलही कडक. पण ते महाग आहेत. शिवाय डेडलिफ्टला मला सपाटच बरं वाटतं. म्हणून सध्या साधे कॅनव्हासचे बूट घालून, प्लेटांवर हलक्या वजनाने स्क्वॅट करत डाव्या घोट्यावर मेहनत घ्यावी असं वाटतंय. पण प्लेटेवरून पाय सरकायची भीती वाटते.

जुन्या दुखापतीचा घोटा कुणाचा मोकळा झालाय का? किती दिवस लागले? की सरळ टाचेचेच बूट घ्यावेत?