मदत हवी आहे: स्टेप्ड-वेजमध्ये पावसाळा आडवा आला, निकाल उलटा दिसतोय

केवडा_दादर
मुंबईतले आठ दवाखाने. तापाच्या रुग्णांना विनाकारण अँटिबायोटिक लिहू नये, यासाठी डॉक्टरांचं प्रशिक्षण. रचना स्टेप्ड-वेज, म्हणजे प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने सगळ्या दवाखान्यांत नेलं. एप्रिलमध्ये ते कुठेच नव्हतं. मे ते ऑगस्ट दर महिन्याच्या एक तारखेला चिठ्ठ्या टाकून ठरवलेले दोन-दोन दवाखाने त्यात आले, ऑगस्टमध्ये आठही झाले. अँटिबायोटिक मिळालेले रुग्ण, टक्क्यांत:
प्रशिक्षण न झालेले: एप्रिल 40, मे 40, जून 50, जुलै 60
झालेले: मे 30, जून 40, जुलै 50, ऑगस्ट 50
दवाखान्यांच्या संख्येप्रमाणे सरासरी काढली तर आधी 44, नंतर 46. प्रशिक्षणाने अँटिबायोटिक वाढली असं लिहायचं का?

शेवंती
अजिबात नको. तुमचाच तक्ता उभा वाचा. मे, जून, जुलै, तिन्ही महिन्यांत प्रशिक्षित दवाखाने 10 टक्केबिंदूंनी खाली आहेत. 'आधी'च्या 20 दवाखाना-महिन्यांपैकी 14 एप्रिल-मेचे, कोरडे. 'नंतर'च्या 20 पैकी 14 जुलै-ऑगस्टचे. पाणी तुंबलं की लेप्टोच्या धास्तीने डॉक्सिसायक्लिन लिहिली जाते, आणि तीही अँटिबायोटिकच. म्हणजे तुमची सरासरी उन्हाळ्याची पावसाळ्याशी तुलना करते आहे. या रचनेत उपाय आणि कॅलेंडर हातात हात घालूनच पुढे सरकतात, त्यामुळे महिना मॉडेलमध्ये घ्यावाच लागतो.

आकडेमोड्या
सोपं आहे. महिन्याला 1 ते 5 क्रमांक द्या आणि रिग्रेशनमध्ये टाका.

शेवंती
महिना घ्यायचा हे बरोबर, पण क्रमांक म्हणून नको. क्रमांक दिलात की मॉडेल दर महिन्याला सारखीच वाढ धरतं. इथे एप्रिल-मे सपाट आहेत, मग जून-जुलैत चढ, पुढे पुन्हा सपाट. सरळ रेषेत न बसलेला भाग उपायाच्या खात्यात जाऊ शकतो. प्रत्येक महिना वेगळा ठेवा:

```r
library(lme4)
m <- glmer(ab ~ factor(mahina) + upay +
  (1|davakhana) + (1|davakhana:mahina),
  family = binomial, data = d)
```

शेवटचा रँडम इफेक्ट गाळू नका. एकाच दवाखान्यातले एकाच महिन्याचे रुग्ण एकमेकांसारखे असतात. ते धरलं नाही तर स्टँडर्ड एरर खोटी लहान येते.

माहीमकर
माझाही असाच प्रश्न. रक्तदाबाच्या अम्लोडिपिनचा क्रॉसओव्हर, म्हणजे प्रत्येक रुग्णाला दोन्ही उपचार आळीपाळीने. 24 रुग्ण, मध्ये आधीचं औषध उतरावं म्हणून सात दिवसांचा वॉशआउट. पहिल्या टप्प्याचा परिणाम दुसऱ्यात उरतो का, त्या कॅरिओव्हरच्या चाचणीत p 0.2 आला, म्हणजे कॅरिओव्हर नाही ना? केवडाताईंनीही क्रॉसओव्हरच का केला नाही?

शेवंती
शिकवलेलं पुसता येत नाही, म्हणून. प्रशिक्षणाला वॉशआउटच नाही. तुमच्याबद्दल: ती चाचणी रुग्णारुग्णांमधल्या फरकावर चालते, त्यामुळे 24 जणांत तिची ताकद फार कमी. p 0.2 मधून 'नाही' सिद्ध होत नाही. ती चाचणी पाहून मग विश्लेषणाची पद्धत निवडणं चुकीचं, हे संख्याशास्त्रज्ञ फ्रीमन यांनी 1989 मध्येच दाखवलं. औषधाकडे बघा. अम्लोडिपिनचं अर्धायुष्य 30 ते 50 तास. 50 धरलं तर सात दिवसांनी सुमारे 10 टक्के औषध रक्तात उरतं. पाच अर्धायुष्यं म्हणजे साधारण साडेदहा दिवस, तेव्हा 3 टक्के. डेटा गोळा झालेला असेल तर दुसऱ्या टप्प्यातली रक्तदाबाची मोजमापं शेवटच्या दिवसांचीच घ्या. पुढे बोलायला वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

समुद्रफूल
मूळ प्रश्नाकडे. आठच दवाखाने असताना `glmer` जो p देतो तो भाबडा असतो, गरजेपेक्षा लहान. चिठ्ठ्या टाकल्या आहेत, तर त्यांचाच वापर करा. आठ दवाखाने दोन-दोन करून चार महिन्यांत वाटायचे 2520 मार्ग आहेत. प्रत्येक वाटणीप्रमाणे `upay` नव्याने भरून मॉडेल चालवा आणि तुमच्याइतका किंवा त्याहून मोठा परिणाम किती वेळा येतो ते मोजा. रात्रभर लावून ठेवलं की पुरतं.

केवडा_दादर
चालवते. एक राहिलं: जूनमध्ये दोन प्रशिक्षित डॉक्टर पाळीवर अप्रशिक्षित दवाखान्यांत गेले होते.

समुद्रफूल
त्या दवाखान्यांचं लेबल बदलू नका, चिठ्ठीत आलं तेच राहू द्या. त्यांनी तिथेही कमी लिहिली असतील तर खरा फरक तुमच्या आकड्यापेक्षा मोठा असेल. ते दवाखाना-महिने वगळून एकदा वेगळा हिशेब करा आणि दोन्ही छापा.

आकडेमोड्या
पण हे सगळं पाऊस आठही ठिकाणी सारखाच धरून चाललं आहे. हिंदमाताजवळचा दवाखाना आणि मलबार हिलवरचा दवाखाना यांचा जुलै एक कसा?

शेवंती
बरोबर बोललात. `davakhana:mahina` थोडं सावरून घेतं, पण सखल दवाखाने योगायोगाने लवकर किंवा उशिरा आले असतील तर नाही. केवडा, कोणते सखल आणि कोणत्या महिन्यात आले?

समुद्रफूल
माझ्या मते सखल आणि उंच यांना वेगळे महिने द्यावेत.

शेवंती
इतक्या कमी दवाखान्यांवर ते झेपणार नाही, अंदाज इतका रुंद होईल की काहीच कळणार नाही. मी फक्त तक्ता दोन भागांत छापेन.

केवडा_दादर
सखल तीन आहेत. दोन मेमध्ये आले, एक ऑगस्टमध्ये.