एनईआर बसवला, आता सेटिंगला कशाला हात लावायचा?

शिफ्टवाला, वेर्णा: १० एमव्हीए, ३३/११ केव्ही ट्रान्सफॉर्मरच्या स्टार पॉइंटला १०० अँपिअरचा न्यूट्रल अर्थिंग रेझिस्टर, म्हणजे एनईआर, बसवला. फॉल्ट करंटच कमी झाला, रिलेचं काम हलकं. ६००/१ सीटीवरचं अर्थ फॉल्ट रिलेचं जुनं २० टक्के सेटिंग तसंच ठेवलंय. कन्सल्टंटला उगाच नव्या सेटिंगचे पैसे हवेत.

रिलेवाला, फोंडा: वाचून डोकं फिरलं. ६०० चे २० टक्के म्हणजे १२० अँपिअर. तुमचा ६३.५ ओहमचा एनईआर ६३५० व्होल्टवर १०० च्या पुढे जाऊच देणार नाही. रिले हलणारच नाही हो! सॉलिड न्यूट्रल होता तेव्हा हजारो अँपिअर यायचे, म्हणून निभावलं. आता फॉल्ट तसाच राहणार, उरलेल्या दोन फेज अर्थच्या मानाने ११ केव्हीवर चढणार आणि दहा सेकंदांसाठी बनवलेला एनईआर ६३५ किलोवॅट खात लालबुंद होणार.

कुंडईकर: मग ५ टक्के करा, ३० अँपिअर. विषय संपला. एवढी आरडाओरड कशाला?

रिलेवाला, फोंडा: ३० ला रिले दिसेल, हे खरं. पण मोठी मोटर सुरू होताना तीन सीटी सारख्या सॅच्युरेट होत नाहीत, बेरजेत नसलेला फॉल्ट दिसतो. रात्रपाळीला ट्रिप आला की शिव्या कोण खाणार? फीडरला तिन्ही फेज एकत्र कवेत घेणारा एकच सीटी, म्हणजे सीबीसीटी, घाला, १५ अँपिअर, ०.३ सेकंद. फॉल्ट केबलच्या कुठल्याही टोकाला असो, करंट जवळजवळ तेवढाच, म्हणून करंट जास्त तेवढं लवकर ट्रिप करणाऱ्या आयडीएमटीचा उपयोग नाही, डेफिनिट टाइमच द्या. न्यूट्रलच्या सीटीवर स्टँडबाय रिले, दोनेक सेकंदांवर.

डिचोलीची मावशी: आमच्याकडे पावसात न्यूट्रल तुटून फ्रिज जळाला. घरी हा एनईआर बसवून मिळेल का?

रिलेवाला, फोंडा: मावशी, नको गे. घरचा एलटी न्यूट्रल थेट अर्थ असतो, त्यात रेझिस्टर घालायचा नाही.

जुना टेस्टर, वास्को: सीबीसीटीची आरती पुरे. आमच्याकडे सीबीसीटी होता, तरी फीडर ढिम्म आणि स्टँडबायने अख्खा बस उडवला. केबलचं आर्मर सीबीसीटीतून आरपार गेलेलं, ग्लँडची अर्थ वायर मात्र बाहेरूनच बारला जोडलेली. फॉल्ट करंट आर्मरमधून परत आला, जाणारा-येणारा रद्द!

कुंडईकर: म्हणजे वायरमनची चूक. सेटिंगचा काय संबंध?

जुना टेस्टर, वास्को: वायरमनला ड्रॉइंग कोणी दिलं? ती वायर परत सीबीसीटीतून काढून मग अर्थ करायची, हे त्यात नव्हतंच. आणि टेस्टिंगवाल्याने रिलेच्या टर्मिनलवर करंट सोडून ‘ओके’ लिहिलं! सीबीसीटीतून तार ओवून प्रायमरी इंजेक्शन केलं असतं तर सीटीचं सर्किट तरी तपासलं असतं, पण ग्लँडची वायर तेव्हाही डोळ्यांनीच बघावी लागते.

कुंडईकर: सगळं तुम्हीच बघा मग, आम्ही आपले गाढव.

शिफ्टवाला, वेर्णा: बरं पात्रांव, १२० विरुद्ध १०० चं गणित मान्य. कन्सल्टंटला सांगू नका. पण स्टँडबायने ११ चा ब्रेकर उघडायचा की ३३ चाही?

रिलेवाला, फोंडा: आधी ११ चा. वाइंडिंगमध्येच फॉल्ट असेल तर तो उघडूनही करंट थांबत नाही, म्हणून थोड्या वेळाने ३३ चा.

जुना टेस्टर, वास्को: आम्ही दोन्ही एकदमच उडवतो. भांडा.